नेट गेलं तर या नंबरवर फोन करा

व्हिडिओ मुलाखतीत चेहरा मध्येच गोठला, आवाज तुटायला लागला, तर समोरचा माणूस समजून घेईल असं उमेदवाराला वाटतं. नेट खराब आहे, त्यात त्याचा काय दोष? समोरचा माणूस तोंडाने तसं म्हणतोही. पण निवड करताना त्याचं मन काय करतं, हे २०१८ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं. त्यांनी नोकरीच्या लुटुपुटीच्या मुलाखती चित्रित केल्या. माणसं तीच, उत्तरंही तीच. फक्त काहींना स्वच्छ चित्र-आवाजाची फीत दाखवली आणि काहींना अडखळणारी, खरखरणारी. स्वच्छ फितीतले उमेदवार पाहणाऱ्यांना नोकरीसाठी जास्त लायक वाटले. चित्र-आवाजाच्या दर्जाकडे दुर्लक्ष करा असं बजावून सांगितलं, तरी हा कल गेला नाही.

त्याआधी चार वर्षं जर्मनीतल्या संशोधकांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम उशीर घातला होता. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत सेकंदभराने उशिरा पोहोचायचं. लाइन खराब आहे, असं फारसं कुणाच्या मनात आलं नाही. पलीकडच्या माणसाचं लक्ष नाही, असं मात्र वाटलं. खाडखाड चित्र तुटलं तर निदान बिघाड तरी दिसतो. उशीर दिसतच नाही. प्रश्न विचारल्यावर दीड सेकंद शांतता पसरली की मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार चाचपडतोय असं वाटतं, आणि त्याला जे वाटलं ते त्याच्या कागदावर उतरतं.

म्हणून ‘माझ्याकडे नेटचा थोडा प्रॉब्लेम आहे, सांभाळून घ्या’ एवढाच निरोप आदल्या दिवशी पाठवला तर त्याने सभ्यपणा दिसतो, पण फारसं काम होत नाही. सांभाळून घ्यायचं असं ठरवूनही माणसाला ते जमत नाही, हेच तर त्या प्रयोगात दिसलं. काम करतो तो निरोपाचा पुढचा भाग: अमुक झालं तर व्हिडिओ बंद, तमुक नंबरवर फोन, कोणी कोणाला करायचा ते ठरलेलं. खराब चित्राचा ठसा उमटायच्या आधीच त्यातून बाहेर पडायची वाट तयार असते.

फोन हाच पर्याय का, हेही नीट पाहायला हवं. पुष्कळ जण म्हणतात, फोनला तरी तोच टॉवर आणि तीच रेंज. मग नेट रडतंय तिथे फोन कसा चालेल? टॉवर तोच असतो, पण वाट वेगळी असते. फोर-जीवरचा साधा कॉल, ज्याला व्होल्टी म्हणतात, तो टॉवरकडून स्वतःसाठी एक राखीव मार्ग मागून घेतो. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आवाजाला पहिला वर्ग दिला आहे आणि त्यात ठरावीक वेगाची हमी असते. यूट्यूब, व्हॉट्सॲप, झूम, मीट हे सगळं सहसा सर्वांत खालच्या, नवव्या वर्गात बसतं. तिथे हमी कशाचीच नाही, उरलं तर मिळेल. खच्चून भरलेल्या एसटीत राखीव जागेचा प्रवासी बसून जातो आणि बाकीचे दांड्याला लोंबकळतात, तसा हा प्रकार. शिवाय कॉलच्या आवाजाला लागतंच किती? सेकंदाला पंचवीस किलोबिटच्या आत काम भागतं. झूमच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे दोघांच्या बऱ्या व्हिडिओ संभाषणाला सहाशे किलोबिट लागतात, आणि तेही दोन्ही दिशांनी.

यातूनच एक इशारा निघतो, जो आपल्याकडे फार जणांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲप कॉल म्हणजे फोन नव्हे. तो त्याच नवव्या वर्गात, त्याच गर्दीत असतो. नेट अडखळल्यावर ‘व्हॉट्सॲपवर कॉल करू का?’ असं विचारण्यात काही राम नाही.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, संगमेश्वर तालुक्यातलं एक गाव आहे आणि महिना जुलैचा. देवरुखात एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरणारी एक मुलगी पुण्यातल्या कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत देणार आहे. गुरुवारी सकाळी साडेअकरा, अर्धा तास, व्हिडिओवर. घरी ब्रॉडबँड नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप चालतो. फोनवर चार दांड्या दिसतात. स्पीड टेस्ट म्हणते, डाउनलोड चौदा मेगाबिट. मैत्रिणीही सांगतात, एवढं पुष्कळ झालं.

दांड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय तेवढंच सांगतात. त्या टॉवरवर किती लोक लोंबकळलेत, किंवा टॉवरचं पुढचं कनेक्शन शाबूत आहे का, याचा त्यांना पत्ता नसतो. डोंगराळ भागातल्या अनेक टॉवरांना जमिनीखालून फायबर आलेली नसते. एका टॉवरकडून दुसऱ्याकडे माहिती मायक्रोवेव्हने, त्या पांढऱ्या गोल तबकड्यांमधून जाते. या लहरींची वारंवारता फोनच्या लहरींच्या कितीतरी पट असते, आणि मुसळधार पावसात त्या वाटेतच विरतात. घराच्या पडवीत फोनला फुल रेंज आणि पान मात्र उघडत नाही, हा कोकणातल्या पावसाळ्याचा अनुभव पुष्कळदा इथून येतो. स्पीड टेस्टचा आकडा वेगळ्या कारणाने फसवतो. मोठा दिसतो तो डाउनलोडचा. मुलाखतीत उमेदवाराचं तोंड पुण्यात पोहोचवायचं काम अपलोड करतं, आणि त्याचा आकडा खाली बारीक अक्षरांत असतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा सातत्य जास्त लागतं. सिनेमा पाहताना नेट तीन सेकंद गेलं तर आधी साठवलेला भाग चालू राहतो. जिवंत संभाषणात साठवायला काही नसतंच. उशिरा आलेला शब्द फेकून द्यावा लागतो.

हे सातत्य तपासायला कुठलंही ॲप नको. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाकली की पुरते:

```
ping -n 100 8.8.8.8
```

लॅपटॉप दूरच्या एका सर्व्हरला शंभर वेळा हाक मारतो आणि दर वेळी उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो. नुसतं `ping` म्हटलं तर विंडोज चारच हाका मारतं, त्यातून काही कळत नाही. दोनेक मिनिटांनी शेवटी हिशोब येतो. आपल्या उदाहरणात तो असा आला असं धरू:

```
Packets: Sent = 100, Received = 94, Lost = 6 (6% loss),
Minimum = 38ms, Maximum = 1180ms, Average = 164ms
```

सरासरी पाहून जीव भांड्यात पडतो, पण वाचायचे ते बाकीचे दोन आकडे. शंभरातल्या सहा हाका हरवल्या. एक-दोन हरवल्या तर ॲप ते झाकून नेतं. पाच-सहा हरवल्या की शब्दांचे तुकडे पडतात. आणि सर्वांत उशिराचं उत्तर सव्वा सेकंदाच्या आसपास. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही, चारशेच्या पुढे संभाषण बिघडतं. पिंगचा आकडा जाऊन-येऊनचा असतो, म्हणून ढोबळमानाने निम्मा करायचा. तरी चारशेच्या वरच जातो. अधूनमधून का होईना, हिच्या बोलण्यात ती जीवघेणी शांतता पडणार.

चाचणी कधी केली यालाही अर्थ आहे. रात्री साडेदहाला केलेली चाचणी सकाळी साडेअकराच्या मुलाखतीला कामाची नाही. दोन्ही वेळची टॉवरवरची गर्दी वेगळी. मंगळवारी आणि बुधवारी सकाळी साडेअकरालाच, ज्या खोलीत बसायचं त्याच खोलीत, लॅपटॉप आणि हॉटस्पॉट जसे ठेवणार तसे ठेवून करायची. एकदा चाचणी चालू असताना त्याच हॉटस्पॉटला जोडलेल्या घरातल्या दुसऱ्या फोनवरून लग्नाचे फोटो गूगलवर चढायला लावायचे आणि आकडे बघायचे. पुष्कळदा खलनायक टॉवर नसतो, धाकट्या भावाच्या फोनचा बॅकअप असतो. तसं निघालं तर मग निरोपाची गरजही उरत नाही.

इथे मात्र उरते. बुधवारी दुपारी, दुसऱ्या चाचणीनंतर, ती एचआरच्या मॅडमना मेल करते:

‘नमस्कार मॅडम, उद्या सकाळी ११.३० च्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या मुलाखतीला मी व्हिडिओवर वेळेत हजर असेन. आमच्या गावात पावसामुळे सकाळी नेट मधूनमधून तुटतं, म्हणून आधीच कळवते आहे. आवाज तुटायला लागला तर मी आधी कॅमेरा बंद करून बोलत राहीन. तरीही मिनिटभरात सुधारलं नाही तर मुलाखत फोनवर पुढे चालू ठेवता येईल का? तसं झालं तर सरांनी कृपया खाली दिलेल्या माझ्या मोबाइलवर कॉल करावा, तो ११.१५ पासून मोकळा ठेवते. हा नंबर उद्याच्या कॅलेंडर इन्व्हाइटमध्ये टाकता आला तर बरं होईल. त्यात फोनने जोडून घ्यायचा नंबर असेल तर मी स्वतःही डायल करू शकेन. मुलाखत आधीपासूनच फोनवर घेणं सोयीचं असेल तरी माझी तयारी आहे.’

मेल लहान आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी तरी बसलेलं आहे. पहिल्याच वाक्यात ती हजर असेन म्हणते. कारण ‘नेट प्रॉब्लेम’ हे शब्द एचआरच्या कानाला बहुतेक वेळा तारीख पुढे ढकलण्याची सुरुवात म्हणून ऐकू येतात. कारण एका वाक्यात सांगून ती पुढे सरकते. टॉवरचा इतिहास नाही की माफीचा पाढा नाही. मग क्रम येतो: आधी कॅमेरा बंद, मग फोन. कॅमेरा बंद केल्यावर झूमला साठ ते ऐंशी किलोबिट पुरतात, म्हणजे आठ-दहा पटींनी ओझं उतरतं, आणि पुष्कळ वेळा तेवढ्यावर भागतं. मिनिटभर ही मुदतही मुद्दाम घातलेली. ती नसली तर दोन्हीकडचे लोक ‘ऐकू येतंय का?’, ‘आता?’ करत पाच मिनिटं घालवतात आणि अर्ध्या तासाच्या मुलाखतीचा सहावा हिस्सा पाण्यात जातो. शिवाय त्या पाच मिनिटांतच खराब आवाजाचा ठसा पक्का होतो.

कोण कोणाला फोन करणार हे आधी ठरवलं नाही तर दोघं एकाच वेळी एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही लाइन व्यस्त लागते. हे विनोदी वाटतं, पण घडतं वारंवार.

कॅलेंडर इन्व्हाइटचं वाक्य मला या मेलमधलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. एचआर आणि मुलाखत घेणारा हे सहसा वेगवेगळे लोक असतात. मेल मॅडमच्या इनबॉक्समध्ये पडतो. मुलाखत घेणारे अकाउंट्सचे मॅनेजर तो कधी पाहतही नाहीत. साडेअकराला त्यांच्यासमोर फक्त इन्व्हाइट उघडी असते. नंबर तिथे नसेल तर सगळी तजवीज मॅडमच्या इनबॉक्सातच राहते, आणि मॅडम त्या वेळी दुसऱ्या मुलाखतीत असतात. म्हणूनच मेल मुलाखतीच्या दहा मिनिटं आधी पाठवून उपयोग नाही. आठवडाभर आधी पाठवला तर तो विसरला जातो, आणि तेव्हा पावसाचाही अंदाज नसतो. आदल्या दिवसाची दुपार बरी. इन्व्हाइट बदलायला एचआरकडे कामाचे काही तास उरतात.

फोनने जोडून घ्यायची सोय हीही विचारून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. झूम, मीट, टीम्स या तिन्हींत ती आहे, पण प्रत्येक कंपनीच्या प्लॅनमध्ये असतेच असं नाही. असली तर इन्व्हाइटच्या तळाशी एक नंबर आणि एक पिन किंवा मीटिंग आयडी दिसतो. साध्या फोनवरून तो नंबर लावायचा, विचारल्यावर आकडे दाबून शेवटी # दाबायचं, की आवाज थेट मीटिंगमध्ये पोहोचतो. पॅनलवर तीन जण असतील तर हाच मार्ग चांगला, कारण कुणा एकाला स्वतःच्या मोबाइलवर स्पीकर लावून मध्ये बसायची पाळी येत नाही. झूममध्ये पार्टिसिपंट आयडीही दाबला तर फोनचा आवाज आणि लॅपटॉपचं चित्र एकाच माणसाच्या नावावर जोडलं जातं: चित्र अडखळलं तरी चालेल, बोलणं स्वच्छ. नंबर +१ ने सुरू होत असेल तर मात्र तो परदेशातला. आयएसडीचे दर लागतील आणि साध्या प्रीपेड सिमवरून तो बहुधा लागणारही नाही.

आता या तजविजीला लागणारी कीड. पहिली, कॉल येताच हॉटस्पॉट बंद पडणं. फोन व्होल्टीवर नसेल तर कॉल आला की तो टू-जीवर उतरतो आणि डेटा थांबतो. दोन सिम असलेल्या पुष्कळ फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल घेतला तरी पहिल्याचा डेटा तुटतो. म्हणजे ‘आवाज फोनवर, चित्र लॅपटॉपवर’ हा बेत त्याच फोनवर फसतो. आदल्या दिवशी घरातल्या कुणालातरी त्या नंबरवर फोन करायला सांगून लॅपटॉपवरचं नेट चालू राहतं का, एवढं बघितलं की कळतं. दुसरी कीड ब्रॉडबँड असलेल्या घरांत सापडते. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू असेल तर साधा दिसणारा कॉलही मोबाइल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. राउटरचंच नेट अडखळतंय म्हणून फोनवर गेलात, आणि फोनही त्याच अडखळणाऱ्या राउटरवर! सेटिंगमध्ये जाऊन ते त्या दिवसापुरतं बंद करायचं.

लाइट गेल्यावरचं गणित कंपनीगणिक बदलतं. घरचा राउटर लगेच बंद पडतो. टॉवर बॅटरीवर काही काळ तग धरतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलकडे टू-जी अजून आहे, त्यामुळे फोर-जी कमजोर झालं तरी त्यांचा साधा कॉल टू-जीवर सरकू शकतो. जिओकडे टू-जी नाहीच. त्याचा कॉलही फोर-जी किंवा फाइव्ह-जीवरच चालतो. गर्दीमुळे नेट रडत असेल तर जिओचा कॉल व्यवस्थित लागेल, पण सिग्नलच नसेल तर नेट आणि कॉल दोन्ही एकदम जातात. अशा घरात मेलमध्ये दुसऱ्या कंपनीच्या सिमचा नंबर देणं, मग तो आईचा का असेना, जास्त खात्रीचं.

आणि अनोळखी नंबर. पुण्याच्या ऑफिसातून येणारा कॉल कुठल्या नंबरवरून येईल सांगता येत नाही. स्पॅम अडवणारं ॲप, अनोळखी कॉल मुके करणारी सेटिंग, डू नॉट डिस्टर्ब हे सगळं त्या तासापुरतं काढून ठेवलं नाही तर मॅनेजर फोन करत राहतात आणि फोन निमूट पडून राहतो.

एचआरने होकार दिला तरी काही ठिकाणी नुसता फोन चालत नाही, आणि त्यामागे कारणं असतात. एकाच्या जागी दुसऱ्यानेच मुलाखत दिल्याचे प्रकार घडले आहेत, त्यामुळे बऱ्याच कंपन्या कॅमेऱ्यासमोरचा चेहरा पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. तिथे मधला मार्ग सुचवता येतो: सुरुवातीची दोन-तीन मिनिटं कॅमेरा चालू, ओळखपत्र दाखवायचं, मग चित्र बंद. एक्सेलची शीट उघडून चुका शोधायला लावणारी किंवा कोड लिहून घेणारी फेरी फोनवर होणं शक्य नाही. पण तिथेही कॅमेरा आणि स्क्रीन शेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती स्क्रीन दाखवायला झूमला पन्नास ते पंच्याहत्तर किलोबिट पुरतात, कारण एक्सेलची शीट चेहऱ्यासारखी सतत हलत नसते. बोलणं फोनवर आणि स्क्रीन लॅपटॉपवर ही जोडी कमजोर नेटवरही बऱ्याचदा निभावते.

ज्या मुलाखतीत समोर माणूसच नसतो, स्क्रीनवर प्रश्न येतो आणि उमेदवाराने ठरलेल्या वेळात उत्तर रेकॉर्ड करायचं असतं, तिथे या मेलमधलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. मध्येच फोन करायला तिथे कुणी बसलेलं नाही. अशा मुलाखतीला सहसा काही दिवसांची मुदत दिलेली असते, आणि तिचा फायदा घेऊन देवरुखात किंवा रत्नागिरीत फायबर असलेल्या नातेवाइकाकडे जाऊन बसणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय. एचआरला विचारायचं ते एवढंच, की मध्येच नेट तुटलं तर तो प्रश्न पुन्हा उघडून मिळेल का, आणि त्यासाठी कोणाला कळवायचं. हे विचारायचं लिंक उघडण्याच्या आधी, कारण बऱ्याच ठिकाणी पहिला प्रश्न दिसला की घड्याळ सुरू होतं आणि ते थांबत नाही.